खटके आडवे फिरवा

माळ्यावरचे सामान उतरवताना बाबांची जुनी ब्रीफकेस हाती आली, ही यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. तपकिरी रंगाची, कडक कवचाची, कोपऱ्यांवर पांढुरकी पडलेली आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकांची आकडी कुलुपे असलेली ती पेटी बाबांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस घेतली आणि निवृत्त होईपर्यंत हिशेबतपासणीच्या प्रत्येक दौऱ्यावर नेली. डावे कुलूप उघडेच होते. उजव्याचा आकडा मात्र बाबांबरोबरच गेला. आईला तो ठाऊक नव्हता, आणि इतक्या वर्षांत आपण तो कधी विचारला नाही याचे तिला तेवढ्यात वाईटही वाटून गेले. माझ्या तेरा वर्षांच्या भाच्याने पेटी मांडीवर घेतली आणि कोणाला काही न विचारता, एखादा मंत्र म्हणावा तशी चाके फिरवून ००७ हा आकडा लावला. खटका हलला नाही. तेव्हा मी त्याला म्हटले, "अरे, असा खटका सरळ बाजूला सारायचा नसतो. तो आधी आडवा फिरवायचा, नाहीतर आतली नळकांडी फुटते आणि तोंडावर वायू येतो." मग मला जेम्स बाँडची ती पेटी, आगगाडीचा तो डबा आणि ती मारामारी सगळे सांगावे लागले. त्याने मन लावून ऐकले आणि शेवटी विचारले, "मावशी, हे पुस्तकात आहे की सिनेमात?" मी बेधडक सांगितले, "दोन्हीत. आधी पुस्तकात."

रात्री पुस्तक काढून पाहिले, तर ते पुस्तकात नव्हते.

ही चूक किरकोळ आहे हे मला कळत होते, पण तिने माझी झोप घालवली. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' मी कॉलेजात असताना भाड्याच्या वाचनालयातून आणून वाचली होती. पाठीचा कणा चिकटपट्टीने सांधलेली, पाने पिवळी पडलेली, आधीच्या कोणा वाचकाने चहाचा कप टेकवलेली प्रत होती. नंतर रद्दीच्या दुकानात तीच कादंबरी मिळाली, ती अजून माझ्याकडे आहे. सिनेमा मी बऱ्याच वर्षांनी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. म्हणजे पुस्तक आधी आणि सिनेमा नंतर. असे असूनही नंतरच्याने आधीच्यावर इतक्या बेमालूमपणे लिहून टाकले की मी एका शाळकरी मुलाला छातीठोकपणे खोटे सांगून बसले. कादंबरी १९५७ सालची आणि सिनेमा १९६३ सालचा. या सहा वर्षांत त्या पेटीचे काय झाले, हे मग मी एखादे बिल तपासावे तसे तपासत बसले. हिशेबतपासनिसाची मुलगी असल्यामुळेही असेल.

कादंबरीतली पेटी लंडनच्या एका नामांकित चर्मकारागिरांकडून घेतलेली आहे आणि गुप्तचर खात्याच्या 'क्यू' शाखेने तिची सुबक शिलाई उसवून आत सामान भरले आहे. पाठीच्या चामड्यात आणि अस्तरात पंचवीस कॅलिबरच्या पन्नास गोळ्या, दोन्ही बाजूंना एकेक चपटा फेकण्याचा सुरा, झाकणात पन्नास सोन्याच्या मोहरा, आणि दाढीच्या सामानात फेसाची एक जाड नळी, जिचे टोक फिरवून काढले की कापसात गुंडाळलेला पिस्तुलाचा सायलेन्सर निघतो. पेटीच्या मुठीत एक चोरकप्पाही आहे. विशिष्ट जागी दाबले की सायनाइडची गोळी तळहातावर पडावी, अशी सोय. ही सगळी यादी इयान फ्लेमिंग एका परिच्छेदात उरकतो, आणि उरकताना बाँडची त्याबद्दलची भावना सांगायला विसरत नाही. बाँडला या प्रकाराचे हसू येते. मुठीतला चोरकप्पा तरी करू नका, म्हणून त्याने कारागिरांची चेष्टा करून पाहिलेली असते, पण ते ऐकत नाहीत. म्हणून पेटी ताब्यात आल्याबरोबर तो ती विषाची गोळी शौचकूपात टाकून पाणी सोडतो. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा त्याच्याकडे माझे लक्षही गेले नव्हते. आता मात्र मला ते अख्ख्या कादंबरीतले सर्वांत खरे वाक्य वाटते. सरकारी खात्याने दिलेली वस्तू, देणाऱ्याचा उत्साह आणि घेणाऱ्याची कुचंबणा ज्याने नोकरीत पाहिली आहे, त्यालाच असे सुचते. फ्लेमिंगने ते पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागात, विभागप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांचा साहाय्यक होता. त्याचे युद्ध बहुतांशी टेबलावर, फायली आणि टिपणे यांच्यामध्ये गेले.

त्या युद्धातली खरी हत्यारे कशी होती, याचा एक नमुना मला फार आवडतो. ब्रिटनच्या पुरवठा मंत्रालयात चार्ल्स फ्रेझर-स्मिथ नावाचे एक गृहस्थ होते. कागदोपत्री ते कापडाच्या विभागात काम करत आणि प्रत्यक्षात हेरांसाठी व युद्धकैद्यांसाठी लपवाछपवीच्या वस्तू बनवून घेत. आपल्या वस्तूंना ते 'क्यू' म्हणत. पहिल्या महायुद्धात व्यापारी जहाजाच्या सोंगात तोफा लपवून फिरणाऱ्या जहाजांना हे अक्षर लावले जाई, तिथून त्यांनी ते घेतले. त्यांच्या वस्तूंपैकी एक होते गणवेशाचे बटण. त्याच्या आत इवलेसे होकायंत्र. जर्मन पहारेकऱ्यांना बटणे तपासायची सवय लागल्यावर त्यांनी एवढेच केले की बटणाचे आटे उलटे कापून घेतले. जो कोणी ते उघडायला नेहमीच्या दिशेने फिरवील, त्याच्या हातून ते आणखी घट्ट बसेल. यात स्फोट नाही, वायू नाही, विजेचा लखलखाट नाही. माणूस न विचार करता हात कुठल्या दिशेला फिरवतो, एवढ्या एका गोष्टीवर ती सगळी युक्ती उभी आहे.

शीतयुद्धातही तेच. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९५३ साली एका वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाला सुट्या पैशांत पाच सेंटचे एक नाणे मिळाले. ते हातात हलके लागले. खाली पडले तर त्याचे दोन तुकडे झाले आणि आत आकड्यांच्या रांगांचे सूक्ष्म छायाचित्र निघाले. ते आकडे अमेरिकन तपासयंत्रणेला पुढची चार वर्षे उलगडले नाहीत. उलगडले तेही यंत्राने नव्हे. १९५७ साली एक सोव्हिएत हेर फुटला आणि त्याने सांकेतिक लिपीची किल्ली सांगितली, तेव्हा. त्याच माणसाच्या माहितीवरून दुसरा सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेल पकडला गेला. आणि त्या बहुचर्चित संदेशात होते काय? नुकत्याच येऊन पोचलेल्या हेराचे स्वागत आणि काही कारभारी सूचना. म्हणजे एका अर्थी कार्यालयीन परिपत्रकच. हे नाणे कथेत घालायला गेले तर लेखकाची पंचाईत होईल. कारण चांगल्या हेरसाधनाचा गुण असा की ते पाहणाऱ्याच्या नजरेत भरत नाही, आणि कथेतल्या साधनाने तर नजरेत भरायलाच हवे.

मग कादंबरीत खरोखर चमत्कारिक साधने आहेतच कोणाकडे? पुन्हा वाचताना मला याचेच नवल वाटले. ती शत्रूकडे आहेत. आगगाडीत बाँडला मारायला आलेला रेड ग्रँट टॉलस्टॉयची 'युद्ध आणि शांती' घेऊन बसतो आणि त्या ग्रंथाच्या कण्यातून, विजेच्या बॅटरीवर, गोळी सुटते. शेवटी रोझा क्लेब ही प्रौढ बाई विणकामाच्या विषारी सुया आणि बुटाच्या टोकातून निघणारे पाते घेऊन येते, आणि त्या पात्याने बाँडला लोळवतेही. कादंबरी संपते ती तो जमिनीवर कोसळताना. या कल्पना हवेतून आलेल्या नव्हत्या. १९५४ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत गुप्तचर निकोलाय खोखलोव्ह फ्रँकफुर्टमध्ये एका रशियन निर्वासित पुढाऱ्याच्या दारात उभा राहिला आणि 'मला तुम्हाला मारायला पाठवले आहे, पण मी मारणार नाही' असे सांगून मोकळा झाला. एप्रिलमध्ये पत्रकारांपुढे त्याची हत्यारे मांडण्यात आली. त्यांत सिगारेटच्या पेटीत बसवलेली, बॅटरीवर चालणारी, आवाज न करणारी बंदूक होती. ती छायाचित्रे पश्चिमेकडच्या वर्तमानपत्रांत छापून आली. पुस्तकाच्या कण्यातल्या बंदुकीची कादंबरी आली ती त्यानंतर तीन वर्षांनी. त्या काळच्या पाश्चात्त्य वाचकाच्या मनात करामती हत्यार म्हणजे 'त्यांचे' हत्यार होते. गुपचूप, भेकड, रस्त्याच्या कोपऱ्यावर वापरायचे. आपला माणूस पिस्तूल घेऊन समोर येतो, आणि त्याला काय वाचवते? तर सिगारेटचा धातूचा डबा. बाँड तो हातातल्या पुस्तकाच्या पानांत सरकवतो आणि पुस्तक छातीवर धरतो, गोळी त्यात अडकते, तो मेल्याचे सोंग घेऊन पडून राहतो आणि पडल्या पडल्या पेटीतला सुरा ओढतो. 'क्यू' शाखेच्या सगळ्या कारागिरीपैकी उपयोगी पडते ते एक पाते. तेवढेच.

आता सिनेमातली पेटी. लंडनच्या कार्यालयात एक शांत, किंचित कंटाळलेला तंत्रज्ञ आत येतो आणि ती टेबलावर ठेवून, दुकानदाराने मिक्सर चालवून दाखवावा तसे, एकेक दाखवू लागतो. वीस गोळ्या, दाबल्यावर बाहेर येणारा सुरा, सुटे भाग जोडून होणारी रायफल आणि तिची रात्री दिसणारी दुर्बीण, पट्ट्यांत बसवलेल्या पन्नास मोहरा. मग तो पावडरीच्या साध्या डब्यासारखी दिसणारी अश्रुधुराची नळकांडी आत चिकटवतो, झाकण लावतो आणि सांगतो, की एरवी आपण खटके बाजूला सारतो. तसे केले तर ही तोंडावर फुटेल. म्हणून आधी खटके आडवे फिरवा आणि मग नेहमीसारखी उघडा. मग तो बाँडला ते करून दाखवायला लावतो. शिकवणारा, शिकणारा आणि उजळणी, असा हा शाळेच्या तासाचा प्रसंग आहे. आधीच्या वर्षीच्या 'डॉ. नो' मध्ये शस्त्रे सांभाळणारा अधिकारी येतो, पण तो फक्त पिस्तूल बदलून देतो. ग्लासगोच्या बूथरॉईड नावाच्या एका शस्त्रतज्ज्ञ वाचकाने, बाँडचे बरेटा पिस्तूल बायकी आहे, अशी तक्रार फ्लेमिंगला पत्राने केली होती, तिचेच ते फळ. पेटीच्या प्रसंगात त्या तंत्रज्ञाच्या, म्हणजे 'क्यू'च्या, भूमिकेत डेस्मंड लेवेलिन पहिल्यांदा आला, आणि पुढे १९९९ पर्यंत सतरा चित्रपटांत येत राहिला. बाँडपटांच्या अख्ख्या सूत्राची घडण या काही मिनिटांत झाली, असे माझे मत आहे.

कारण या तासाने प्रेक्षकाशी एक करार होतो. वस्तू दाखवली आहे, तिची अट सांगितली आहे, आता ती अट मोडणारा कोणीतरी यायला हवा. आगगाडीच्या डब्यात ग्रँट बाँडला गुडघ्यांवर बसवून पिस्तूल रोखतो. बाँड एका सिगारेटचे मोल म्हणून पन्नास मोहरा देऊ करतो. त्याची पेटी उघडते, मोहरा निघतात आणि ग्रँटला हाव सुटते. रॅकवर दुसरीही पेटी आहे. ग्रँटने ज्याला मारून त्याचे सोंग घेतले त्या ब्रिटिश माणसाची. तिच्यातही असतील का? बाँड सहज म्हणतो, असतील, सगळ्यांना सारखीच पेटी मिळते; आणि उघडायला हात पुढे करतो. त्या क्षणी ग्रँटला संशय येतो. तो बाँडला दूर सारतो आणि स्वतः खटके ओढतो. सरळ, बाजूला. आपण श्वास रोखून असतो, कारण त्या डब्यात खटक्यांचे रहस्य जाणणारे दोघेच आहेत, बाँड आणि आपण. कादंबरीत बाँड निसटतो तो नशिबाच्या आणि थंड डोक्याच्या जोरावर. सिनेमात तो निसटतो आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या माहितीच्या जोरावर. म्हणूनच आपल्याला तो आपलाच विजय वाटतो. आणि म्हणूनच तो स्मृतीत इतका घट्ट बसतो, की आधी वाचलेले पान त्याच्याखाली दडपून जाते.

या बदलामागे आणखी एक बदल आहे. कादंबरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा मॉस्कोत घडतो. पहिल्या दहा प्रकरणांत बाँड प्रत्यक्ष येतही नाही. तिथे बैठका आहेत, फायली आहेत, एकमेकांवर नजर ठेवणारे सेनानी आहेत, कोण आधी बोलला आणि कोण गप्प बसला याचे राजकारण आहे. फ्लेमिंगने प्रस्तावनेत 'स्मेर्श' ही रशियन संघटना अस्तित्वात असल्याचे ठासून सांगितले आणि तिचा पत्ताही दिला. प्रत्यक्षात स्मेर्श १९४६ सालीच मोडीत निघाली होती, पण भीतीला पत्ता मिळाला की ती खरी होते, हे पत्रकारही असलेल्या फ्लेमिंगला चांगले ठाऊक होते. सिनेमा निघेपर्यंत क्यूबाचे क्षेपणास्त्र प्रकरण होऊन गेले होते. ज्या ऑक्टोबरमध्ये तो लंडनला झळकला, त्याच्या दोनच महिने आधी अणुचाचणीबंदीचा करार झाला होता. निर्मात्यांनी रशियन शत्रू बाजूला केला आणि त्याच्या जागी 'स्पेक्टर' ही कोणत्याच देशाची नसलेली गुन्हेगारी टोळी आणली, जी दोन्ही महासत्तांना एकमेकींवर सोडून स्वतः फायदा उपटते. कादंबरीतल्या 'स्पेक्टर' या संकेतयंत्राचे नाव त्यासाठी बदलून 'लेक्टर' करावे लागले. व्यापाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच होते. पण शत्रूचा देश काढला की त्याची विचारसरणी जाते, त्याच्या बैठका जातात, त्याची भीती जाते. कथेत एवढी मोठी जागा रिकामी झाली, तिथे काहीतरी बसवायला हवे होते. तिथे ती पेटी बसली. शीतयुद्धाने हेरकथेला राजकारण दिले, आणि ते राजकारण विकायला जड जाऊ लागल्यावर त्याच्या जागी यंत्रे आली, असे मला वाटते. शत्रूची भेकड करामत आता आपली झाली, आणि आपली झाल्याबरोबर ती देखणीही झाली.

देखणेपणाची कथा मात्र वेगळी आहे, आणि तीही मला पूर्वी समजली नव्हती. बाँडचे खाणे, पिणे, शर्ट, सिगारेट यांच्या लांबलचक वर्णनांचा मला कॉलेजात कंटाळा यायचा; मी ती पाने उलटून पुढे जायची. पहिली कादंबरी 'कसिनो रॉयाल' १९५३ च्या एप्रिलमध्ये आली, तेव्हा ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होते. साखर त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुक्त झाली आणि मांस थेट १९५४ च्या जुलैत. कार्डावर लोणी आणणाऱ्या वाचकासमोर फ्लेमिंग कॅव्हिआर मांडतो आणि सोबत टोस्ट पुरेसा का मिळत नाही यावर त्याचा नायक शेरा मारतो. रेशनकार्डावरची साखर सणासाठी डब्यात राखून ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे खरे तर पहिल्याच वाचनात कळायला हवे होते. साम्राज्य आवरते घेतले जात होते. सुएझच्या फजितीनंतर खचलेले पंतप्रधान ईडन विश्रांतीसाठी गेले ते १९५६ च्या नोव्हेंबरात, जमैकातल्या फ्लेमिंगच्याच बंगल्यात. ज्या टेबलावर बाँड जन्मला त्या घरात हरलेला पंतप्रधान बसलेला आहे, हे चित्र कोणा कादंबरीकाराने रचले असते तर आपण त्याला 'फार झाले' म्हटले असते.

पण चवीचे दुसरेही काम होते, आणि ते अधिक गंभीर होते. १९५१ साली ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले गाय बर्जेस आणि डोनाल्ड मॅक्लीन हे दोघे अधिकारी रशियाला पळून गेले. ते परके नव्हते. केंब्रिजचे, उत्तम घराण्यांतले, योग्य क्लबांत ऊठबस असलेले होते. फितूर आपल्यासारखाच दिसतो, आपल्यासारखाच बोलतो, हा त्या वर्गाला बसलेला धक्का होता. फ्लेमिंगच्या कादंबरीत या धक्क्यावर एक गोड उतारा आहे. ग्रँट इंग्रज सभ्य गृहस्थाच्या सोंगात येतो, पण त्याच्या टायची गाठ बाँडला खटकते, कारण तशी रुंद गाठ बांधणाऱ्या माणसावर त्याचा विश्वास नसतो. सिनेमात तीच खूण जेवणाच्या टेबलावर आली: ग्रँट माशाबरोबर तांबडी वाइन मागवतो, आणि नंतर बाँड म्हणतो, तेव्हाच मला कळायला हवे होते. म्हणजे खानदानी चव ही एक चाचणी आहे. परका माणूस तिच्यात नापास होणारच, अशी ही श्रद्धा. प्रत्यक्षात बर्जेस फ्लेमिंगच्याच ईटन शाळेचा विद्यार्थी होता आणि त्या शाळेचा टाय तो मोठ्या हौसेने, अगदी मॉस्कोला गेल्यावरही, बांधत असे. गाठ अर्थातच बिनचूक.

१९६३ हे वर्ष या बाबतीत फार निर्दय आहे. जानेवारीत किम फिल्बी बेरूतहून नाहीसा झाला आणि जुलैत ब्रिटिश सरकारला मान्य करावे लागले की बर्जेस-मॅक्लीन प्रकरणातला तिसरा माणूस तोच. सप्टेंबरात जॉन ल कॅरेची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' आली, जिच्यातला हेर मळक्या रेनकोटातला, पेन्शनची चिंता असलेला आणि आपल्याच वरिष्ठांकडून फसवला गेलेला आहे. आणि ऑक्टोबरात ती पेटी घेऊन बाँड पडद्यावर आला. सत्य, त्या सत्याची कादंबरी आणि त्यावरची औषधाची गोळी, तिन्ही एकाच वर्षात. लोकांनी ल कॅरेही भरभरून वाचला, हे त्यांच्याबाबतीत सांगायला हवे. पण रांगा लावल्या त्या पेटीसाठी.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. १९६४ च्या 'गोल्डफिंगर' मध्ये पेटीची मोटार झाली. तिच्यात उडणारी खुर्ची आली आणि पुढच्या वर्षी ती मोटार खेळण्याच्या दुकानातही आली, जिचे छप्पर उघडून चिमुकला माणूस उडवता येत असे. त्या सिनेमाचे दिग्दर्शक गाय हॅमिल्टन यांनी लेवेलिनला एक साधी गोष्ट सांगितली, की हा माणूस तुझ्या वस्तूंची नासधूस करतो, तेव्हा तुला तो आवडता कामा नये. कादंबरीत बाँड कारागिरांना हसायचा, आता कारागीर बाँडवर चिडू लागला. त्या जुन्या कुचंबणेचा एवढाच अंश शिल्लक उरला, पण तो इतका चांगला होता की त्यावर पस्तीस वर्षे निघाली. मात्र वस्तू वाढत गेल्या तशी त्यांची अट हरवत गेली. खटके आडवे फिरवण्यात एक नियम होता आणि नियमात ताण होता. पुढे पुढे जे संकट यायचे त्याच्याच मापाचे साधन नेमके खिशात निघू लागले. १९८३ च्या 'ऑक्टोपसी' मध्ये बाँड उदयपूरला आला, तेव्हा विजय अमृतराज रॅकेटने गुंडांना झोडपत होता आणि रिक्षा मागच्या चाकांवर उभी राहून पळत होती. आम्ही थिएटरात खूप हसलो, पण श्वास काही कोणी रोखला नाही. त्यातला एक क्षण मला अजून आवडतो. क्यू आपल्या कार्यशाळेत सरळ उभ्या राहणाऱ्या दोरीचा प्रयोग करत असतो आणि ती मध्येच लवून पडते. एवढ्या वर्षांत एखादी वस्तू चालली नाही, याचाच मोठा दिलासा वाटला होता.

त्या विषाच्या गोळीचे तेवढे सांगायचे राहिले. १९६० साली अमेरिकन टेहळणी विमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स रशियावर पाडला गेला, तेव्हा त्याच्याजवळ एक पोकळ चांदीचा डॉलर होता आणि त्यात विष भरलेली सुई होती. त्याने ती वापरली नाही. तो जिवंत पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला आणि १९६२ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या पुलावर, ज्या आबेलला पकडून देणाऱ्याने त्या नाण्याचे कोडे सोडवले होते त्याच आबेलच्या बदल्यात, तो परत आला. घरी काही लोकांनी त्याला सुई न टोचल्याबद्दल बोल लावला. फ्लेमिंगच्या नायकाला मात्र ती गोळी पाण्यात सोडून देण्याबद्दल कोणी जाब विचारला नाही, आणि सिनेमाने तर ती पेटीतून काढूनच टाकली. खऱ्या हेरगिरीतली सर्वांत भीषण वस्तू तीच होती आणि सूत्रात तिला जागा नव्हती, कारण तिचा उपयोग झाला तर पुढचा भाग निघत नाही.

भाच्याला मी दुसऱ्या रविवारी खरे सांगितले: वायू सिनेमातला, पुस्तकातला नव्हे. त्याला फारसा फरक पडला नाही. "मग पुस्तकात काय होतं?" "सुरा. आणि सिगारेटचा डबा." "बस?" मी म्हटले, बस. मग आम्ही पेटी घेऊन बसलो. तीन चाके, म्हणजे हजार आकडे. ०००, ००१, ००२ असे ओळीने. एका हाताचा अंगठा खटक्यावर हलका दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने शेवटचे चाक एकेक घर फिरवायचे, दहा झाले की मधले एक घर पुढे. शंभरापर्यंत त्याला मजा आली. दोनशेनंतर तो पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही. आईने शेंगा सोलता सोलता दोनदा विचारले की सुताराला का बोलवत नाही. माझा अंगठा दुखू लागला होता. ६३८ ला खटका टक् करून उडाला. आईने आकडा दोनदा म्हणून पाहिला, जन्मतारखा, घरनंबर, जुन्या स्कूटरचा नंबर, सगळे आठवून पाहिले. कशाशीच जुळला नाही.

आत दौऱ्याच्या प्रवासभत्त्याच्या कार्बन प्रती होत्या, रबरबँड वितळून चिकटलेले रेल्वेचे वेळापत्रक, शाई वाळलेले स्टॅम्पपॅड, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बाबांचे दाढीचे सामान. ब्रश, रिकामे रेझर, आणि दाढीच्या फेसाची अर्धी वापरलेली, खालून नीट गुंडाळत आणलेली नळी. आत फेस दगडासारखा झाला होता. भाचा वेळापत्रक उलगडण्यात गुंतला होता आणि आई प्रवासभत्त्याच्या कागदावरची सही पाहत होती. कोणाचे लक्ष नाही असे बघून मी त्या नळीचे टोक हळूच फिरवून पाहिले, आधी नेहमीच्या दिशेने आणि मग उलटे.